पाकिटावरचं झाड आणि वावरातलं झाड

मंडळी, पोस्ट लांब आहे. पेरणीच्या धांदलीत वेळ नसेल तर बाजूला ठेवा, पण बियाण्याचं रिकामं पाकीट फेकण्याआधी एकदा वाचा.

काही वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, तालुक्यातले एक काका आमच्या ऑफिसात आले. खिशातल्या डायरीत घडी करून ठेवलेलं कापसाच्या बियाण्याचं रिकामं पाकीट त्यांनी टेबलावर पसरवलं आणि म्हणाले, "पत्रकार भाऊ, याच्यावरची बोंडं मोजा." मी मोजली. समोरच्या बाजूनंच पन्नासच्या वर होती, सगळी फुटलेली. मागची बाजू धरली तर शंभर सहज. काका म्हणाले, "माह्या पाच एकरात असं एक झाड दाखवा. माह्या झाडाले पंचवीस आहेत. छापा बातमी, फसवलं म्हणून."

मी त्यांच्या वावरात जाऊन आलो. बियाणं उगवलं होतं, झाडं सारखी होती, पाऊस बेताचा झाला होता, पीक बेताचं होतं. फसवणुकीची बातमी होत नव्हती, म्हणून मी ती छापली नाही. काका नाराज होऊन गेले. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. बियाणं खोटं नव्हतं, चित्र खोटं होतं. मग चित्र हा दावा असतो की नुसती सजावट?

हा प्रश्न मला टोचायला आणखी एक कारण होतं. ते पुढे सांगतो. आधी हे चित्र आपल्या पाकिटावर आलं कुठून, ते बघू.

आपल्या आजोबांच्या काळात कापसाच्या बियाण्याला पाकीट लागायचंच नाही. सरळ वाण असायचे. कापूस जिनात जायचा, सरकी निघायची, त्यातली चांगली सरकी शेणामातीत चोळून पुढच्या वर्षी पेरायची. बियाण्याची खात्री काय, तर ते झाड आपणच वर्षभर बघितलेलं असायचं. ज्याचं झाड डोळ्यांनी पाहिलंय, त्याचं चित्र कशाला लागेल?

चित्र लागायला लागलं संकरित बियाण्यापासून. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस आणला. व्यापारी लागवडीसाठीचा तो जगातला पहिला संकरित कापूस मानतात. आपल्याकडे पुढे नांदेड-४४ आला, तो तर घराघरात पोचला. संकरित वाणाची सरकी पुढच्या वर्षी पेरली की झाडं सारखी येत नाहीत, म्हणून दरवर्षी नवं बियाणं विकत घेणं आलं. १९६४ साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली होती, १९७६ साली अकोल्यात महाबीज उभं राहिलं, आणि जालना तर बियाण्याचं गाव म्हणूनच नावारूपाला आलं. आता शेतकरी असं बियाणं घेत होता, ज्याचं झाड त्यानं पाहिलेलं नव्हतं. न पाहिलेलं झाड दाखवण्याचं काम चित्राकडे आलं. म्हणजे पाकिटावरचं चित्र जन्मालाच आलं ते साक्षीदार म्हणून. सजावट ते नंतर झालं.

सुरुवातीला कापडी पिशव्या होत्या, त्यावर एका-दोन रंगांतली छपाई. एखादं बोंड, एखादी बैलजोडी. ते चित्र आहे हे कुणालाही कळायचं, त्यामुळे त्याला कुणी पुरावा समजत नव्हतं. नंतर चकचकीत प्लास्टिकची पाकिटं आली आणि त्यांवर फोटो आले. फोटो म्हटलं की माणसाला वाटतं, हे कुठंतरी खरंच उभं होतं.

आता यातली एक गोम सांगतो. ही पाकिटं ज्या पद्धतीनं छापतात, तिला प्रत्येक रंगासाठी एक वेगळा कोरलेला धातूचा रूळ लागतो. रूळ महाग. त्यामुळे एकदा कोरले की लाखांनी पाकिटं छापायची आणि तेच रूळ वर्षानुवर्षं वापरायचे, हे परवडतं. वाणाचं नाव, लॉट नंबर, तपासणीची तारीख हे नंतर शिक्क्यानं किंवा स्टिकरनं लागतं. म्हणून तोच फेटेवाला, तेच झाड, तेच आभाळ तुम्हाला वेगवेगळ्या वाणांवर दिसतं. आत बियाणं कोणतं आहे याच्याशी त्या झाडाचा संबंध असेलच असं नाही.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. तेव्हा पाकिटात ४५० ग्रॅम बीटी आणि सोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची. ती पुडी वावराच्या कडेनं पेरायची होती, म्हणजे बोंडअळीला बीटीची सवय लागू नये. किती जणांनी पेरली? ज्याला-त्याला माहीत आहे. बांधावर फेकलेल्या पुड्या मी स्वतः पाहिल्यात. पाकिटाच्या दर्शनी बाजूला बोंडांनी लगडलेलं एकच झाड होतं. कडेच्या बिगरबीटी ओळी कुठल्या चित्रात मला कधी दिसल्या नाहीत. वावर कसं पेरायचं हे दाखवायला त्याहून चांगली जागा नव्हती.

आता कायद्याचं बघू. बियाणे कायदा १९६६चा, नियम १९६८चे. त्या नियमांत लेबलावर काय असावं हे आहे, तसंच काय नसावं हेही आहे. आतल्या बियाण्याबद्दल खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान, दावा किंवा चित्राकृती लेबलावर असू नये, असा त्याचा अर्थ आहे. पण तक्रार झाली की तपासलं जातं काय? उगवण, शुद्धता, लॉट, बिल. चित्रावर बोट ठेवलेलं मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत पाहिलेलं नाही.

चित्र खरंच काही सांगतं का, असं कुणी विचारेल. सांगतं, आणि आकड्यात सांगतं. काकांच्या वावराचा हिशोब करून बघू.

काकांची लागवड चार बाय दोन फुटांवर होती. एका झाडाला आठ चौरस फूट जागा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, त्याला आठनं भागा, झाडं झाली ५,४४५. झाडाला २५ बोंडं, आणि एका बोंडात साधारण ४ ग्रॅम कापूस धरला तर झाडाला १०० ग्रॅम. एकरी झाला ५४४ किलो, म्हणजे सव्वापाच-साडेपाच क्विंटल. कोरडवाहूत, बेताच्या पावसात हे काही लाजिरवाणं पीक नाही.

आता तेच अंतर धरून पाकिटावरचं झाड लावा. शंभर बोंडं, ४०० ग्रॅम, एकरी जवळपास २२ क्विंटल. पाकिटावर कुठंही "२२ क्विंटल" लिहिलेलं नव्हतं. तसं लिहिलं असतं तर कुणीतरी जाब विचारला असता. चित्रानं ते न लिहिता सांगितलं. आणि काकांनी बियाण्याचे, खताचे, उधारीचे आकडे मांडले ते मनातल्या त्या झाडावर.

आता माझी गोष्ट. लपवून उपयोग नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी पत्रकाराचं मानधन किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. मी लग्नाचे फोटोही काढतो. एका वर्षी एका बियाणे कंपनीच्या डिझायनरचा फोन आला. कापसाचं वावर, समोर शेतकरी, हसतमुख, निळं आभाळ, झाड पांढरंशुभ्र. मी ओळखीच्या वावरात गेलो. झाडं चांगली होती, पण खाली फुटलेली, मधे हिरवी बोंडं, शेंड्याला अजून फुलं. डिझायनर फोनवर म्हणाला, "असं अर्धवट नको, पूर्ण फुटलेलं पाहिजे." मग आम्ही काय केलं? धुऱ्यावरचं एक दांडगं झाड निवडलं. त्याची पिवळी पानं खुडली. शेजारच्या झाडांची फुटलेली बोंडं आणून दोऱ्यानं याच्या फांद्यांना बांधली. वर पाण्याचे थेंब मारले. शेतकरी म्हणून ज्यांना उभं केलं ते वावराचे मालक होते, त्यांचा धुतलेला पांढरा सदरा घरून मागवला. वेचणीला आलेल्या बायांना मी "जरा बाजूला व्हा" म्हणालो. पैसे मिळाले. पुढच्या मृगात ते झाड मी कृषी केंद्राच्या काउंटरवर पाहिलं.

काका घेऊन आले होते ते पाकीट माझ्या फोटोचं नव्हतं. पण असू शकलं असतं.

त्या फोटोत किती खोटं होतं, हे मला नंतर नीट कळलं. कापूस एका दिवसात फुटत नाही. तो खालून वर फुटत जातो. पेरणीनंतर सव्वा-दीड महिन्यानं पाते लागतात, दोन महिन्यांच्या आसपास फूल. फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. फुलापासून बोंड फुटायला आणखी दीड महिन्याच्या वर. खालची फांदी आधी फुलते म्हणून आधी फुटते. त्यामुळे पहिल्या वेचणीच्या वेळी खऱ्या झाडावर फुटलेली बोंडं, हिरवी बोंडं आणि एखाद-दुसरं फूल एकत्र असतं. खालची पानं पिवळी किंवा लालसर झालेली असतात. शेंड्यापर्यंत सगळं फुटलंय आणि पानं मात्र जुलैसारखी हिरवीगार आहेत, असं झाड दिसलं तर समजा, दोरा कुठंतरी आहे. धुऱ्याच्या झाडाला ऊन आणि जागा दोन्ही जास्त मिळतं, ते वावराचा नमुना नसतं. थेंबांचं म्हणाल, तर दवानं भिजलेला कापूस आपल्याकडे कुणी वेचत नाही. बाया दव वाळायची वाट बघतात. भिजलेलं बोंड फुललेलं दिसत नाही, लोंबतं.

आणि ऊन. ऊन खोटं बोलत नाही, फक्त ते वाचता आलं पाहिजे. जूनच्या मध्यात आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. ऑक्टोबरच्या शेवटी तो दक्षिणेला कललेला असतो. भर दुपारीसुद्धा माणसाची सावली त्याच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त पडते, आणि सकाळी आठ वाजता अडीच पट. म्हणजे पाकिटावर कापूस फुटलेला आहे आणि सावली मात्र पायाखाली गोळा झालेली आहे, तर महिना आणि ऊन जुळत नाहीत. माणसाच्या चेहऱ्यावर ऊन डावीकडून आणि झाडावर उजवीकडून, तर माणूस आणि झाड कधी एका वावरात भेटलेच नाहीत. आणि कापूस नुसता पांढरा डाग दिसतोय, त्यात तंतू दिसत नाहीत, तर उजेड वाढवलेला आहे. त्यात कवडी कापूसही चांगल्या कापसासारखाच दिसतो.

काकांना मी काही देऊ शकलो नाही, पण दोन वर्षांनी एक संधी आली. आपल्या भागातला एक शेतकरी गट स्वतःच्या सरळ वाणाचं बियाणं पिशव्यांत भरून विकायला लागला. त्यांनी फोटो मागितला. मी म्हणालो, काढतो, पण वावरात जे आहे तेच. आणि पैसे नकोत.

पेरणी २० जूनची, फोटो २८ ऑक्टोबरचा. १३० वा दिवस. सीतादहीची पूजा आदल्या आठवड्यात झाली होती, पहिली वेचणी चालू होती. धुऱ्यापासून दहा तासं आत गेलो आणि तिथलं मध्यम झाड निवडलं. सगळ्यात मोठंही नाही, सगळ्यात लहानही नाही. त्यासाठी ओळीतल्या दहा झाडांची बोंडं मोजली, बारा ते चौदा भरली. जे बाराचं होतं तेच घेतलं. दव वाळेपर्यंत थांबलो, साडेआठच्या पुढे कॅमेरा काढला. ऊन माझ्या डाव्या खांद्यामागून तिरपं येत होतं, त्यामुळे सावल्या लांब पडल्या आणि बोंडाची गोलाई दिसली. उजेडाचं माप कापसावरून घेतलं, म्हणजे तंतू दिसतील. त्यामुळे माणसाचा चेहरा काळवंडतो, डोक्यावर पदर किंवा टोपी असेल तर जास्तच. त्यावर उपाय सोपा. एकाला पांढरं धोतर ताणून खाली बाजूला उभं केलं. त्यावरून उसळलेला उजेड चेहऱ्यावर आला. तेच ऊन, तीच वेळ, फक्त वळवलेलं.

आणि या वेळी मालकांना मी बाजूला व्हायला सांगितलं. फोटोत ज्या मावशी आहेत त्या बावीस-पंचवीस वर्षांपासून कापूस वेचतात. कमरेला ओटी, अंगात उन्हासाठी नवऱ्याचा जुना शर्ट, बोटांवर नखीच्या ओरखड्यांचे डाग. त्यांना हसायला सांगितलं नाही. त्या झाडाकडे बघत होत्या, कारण वेचताना माणूस झाडाकडेच बघतो. फोटो छापण्याआधी त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, "हे पान किडकं आहे, ते का ठेवलं?" मी म्हणालो, "होतं म्हणून." त्यांनी हो म्हटल्यावरच फोटो दिला.

गटातल्या काही जणांना फोटो पसंत पडला नाही. "बारा बोंडाचं झाड कोण घेईल?" हा प्रश्न रास्त होता. म्हणून पुन्हा हिशोब मांडला. त्यांची लागवड तीन बाय एक फुटावर. एकरी झाडं १४,५२०. झाडाला १२ बोंडं, बोंड लहान, साडेतीन ग्रॅमचं. गुणाकार केला, ६१० किलो निघाले. काकांच्या पंचवीस बोंडांच्या झाडापेक्षा एकरी जास्त. मोठं झाड आणि मोठं पीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकट्या झाडाचा फोटो, कितीही खरा असला तरी, हे सांगूच शकत नाही. त्याला अंतर माहीत असावं लागतं. म्हणून आम्ही फोटोखाली एक ओळ छापली: पेरणी २० जून, फोटो १३० व्या दिवशी, कोरडवाहू, अंतर ३ बाय १ फूट, बोंडं १२. पिशवी चिकटवायची नव्हती, साधी होती, त्यामुळे ओळ दरवर्षी बदलता येते.

त्या पिशव्या पहिल्या वर्षी हळू खपल्या, हे खरं सांगायला पाहिजे. शेजारी चकचकीत शंभर बोंडांचं पाकीट असताना गिऱ्हाइकाचा हात तिकडेच जातो. पण एक गोष्ट घडली. ऑक्टोबरात काही शेतकरी पिशवी घेऊन वावरात गेले आणि झाडाशेजारी धरून बघितली. कुणाची दहा होती, कुणाची पंधरा. एकानं गटाकडे येऊन विचारलं, "माझी आठच का?" मग त्याचं वावर बघितलं, पाणी साचणारी जागा निघाली. चित्राचा असा उपयोग होतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं. खरं चित्र असेल तर त्याच्याशी आपलं पीक ताडून बघता येतं. शंभर बोंडांच्या चित्राशी ताडून बघितलं की हाती फक्त निराशा लागते, आणि दोष स्वतःच्या नशिबाला दिला जातो.

खताच्या गोणीवरचा शेतकरी तर आता गेलाच. ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानित खतांना "भारत" हे एकच नाव आलं. गोणीचा दोन तृतीयांश भाग त्या नावाला आणि योजनेच्या बोधचिन्हाला, उरलेला एक तृतीयांश कंपनीच्या माहितीला. कोणत्याही कंपनीचा युरिया घ्या, गोणी सारखीच. यात एक बरं झालं, युरियाच्या गोणीवर डोलणारं सोन्यासारखं पीक दाखवून तेच ४६ टक्के नत्र वेगळं असल्याचं भासवता येत नाही. पण मग आपल्या घरात येणाऱ्या छापील वस्तूंपैकी शेतकऱ्याचा चेहरा राहिला तो मुख्यतः बियाण्याच्या पाकिटावर. म्हणून तरी तो खरा असावा.

शेवटी कामाचं. या हंगामात पाकीट फोडाल तेव्हा लेबलाची बाजू शाबूत ठेवून फोडा. पाकीट, बिल आणि मूठभर बियाणं एकत्र बांधून ठेवा, तक्रारीची वेळ आली तर तालुक्याची समिती हेच मागते. आणि या वर्षी एक काम जास्तीचं करा. पहिल्या वेचणीच्या दिवशी धुऱ्यापासून दहा तासं आत जा, मध्यम झाडाशेजारी पाकीट धरा आणि मोबाइलवर एक फोटो काढा. ऊन पाठीमागून तिरपं असू द्या. खाली पेरणीची तारीख आणि अंतर लिहा. मला पाठवा, मी इथं ओळीनं लावतो. शंभर वावरांतली शंभर झाडं शेजारी-शेजारी दिसली, की पाकिटावरच्या झाडाबद्दल वेगळी बातमी लिहावी लागणार नाही.

काका, तुम्ही ही पोस्ट वाचत असाल तर, तुमची बातमी उशिरा का होईना, छापली.